दोन्ही विधानं खरी, पण कारण तेच का?

विधान : पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात अंतराळवीराने स्प्रिंगच्या वजनकाट्यावर पाय टेकवले, तर काटा शून्य दाखवतो.
कारण : उंचीनुसार पृथ्वीचं गुरुत्वत्वरण कमी होत जातं.

‘नीट’ची तयारी करणाऱ्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला, की बरीच हुशार मुलंही पहिला पर्याय सांगतात : दोन्ही बरोबर, आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे. विधान खरं आहे. कारणही खरं आहे. तरीही उत्तर दुसरं : दोन्ही बरोबर, पण कारण हे त्या विधानाचं स्पष्टीकरण नव्हे. उरलेले दोन पर्याय म्हणजे विधान बरोबर पण कारण चूक, किंवा विधान चूक पण कारण बरोबर. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा. २०२५च्या ‘नीट’मध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. त्या मिनिटात मुलाला दोन वाक्यं स्वतंत्रपणे तपासायची असतात आणि मग त्यांच्यामधला दुवाही तपासायचा असतो.

असा प्रश्न सोडवण्यापेक्षा काढणं अवघड असतं, आणि त्यातही सगळ्यात अवघड म्हणजे पहिला आणि दुसरा पर्याय यांच्यातली सीमा नीट आखणं. अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात ही अडचण फार स्वच्छ दिसते, म्हणून तेच प्रकरण घेऊ.

वरच्या प्रश्नाचा जन्म मुलांच्या एका पक्क्या गैरसमजातून झाला आहे : अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं. आधी आकडा काढून पाहावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर फिरतं. पृथ्वीची त्रिज्या साधारण ६,४०० किलोमीटर, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर ६,४०० वरून फक्त ६,८०० होतं. या दोन्हींच्या गुणोत्तराचा वर्ग केला, तर तिथलं गुरुत्वत्वरण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के निघतं, म्हणजे ९.८ ऐवजी ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. एवढ्या घटीने काटा शून्यावर येत नाही. काटा शून्यावर येतो, कारण स्थानक, काटा आणि अंतराळवीर तिघंही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात. एका सेकंदात स्थानक साडेसात किलोमीटरहून अधिक पुढे सरकतं आणि तेवढ्यातच सुमारे सव्वाचार मीटर पृथ्वीकडे पडतं. अंतराळवीरही तेवढाच पडतो, मग काट्यावर दाब द्यायचा कोणी?

एवढं हाताशी आलं की एकाच विधानातून वेगवेगळे प्रश्न निघतात. कारणाच्या जागी ‘अंतराळवीर आणि स्थानक दोघंही सारख्याच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात’ असं लिहिलं, की पहिला पर्याय बरोबर. ‘स्थानकाच्या उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण नगण्य असतं’ असं लिहिलं, की विधान बरोबर, कारण चूक. आता हेच चुकीचं वाक्य थोडं बदलून विधानाच्या जागी टाका : ‘स्थानकातल्या अंतराळवीरावर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण बल शून्य असतं.’ आणि कारण ठेवा सारख्या त्वरणाने पडण्याचं. आता विधान चूक आणि कारण बरोबर. चारही पर्याय एकाच संकल्पनेतून मिळाले, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे मुलाची कोणती समजूत आहे हे शिक्षकाला नेमकं कळतं. वर्ग घेणाऱ्या माणसाला याहून मोलाची माहिती क्वचितच मिळते.

विधानात ‘अंतराळवीर वजनरहित होतो’ असं न लिहिता वजनकाटा आणला आहे, तो मुद्दाम. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण अशी व्याख्या धरली, तर अंतराळवीराला वजन आहेच. काट्यावरचा दाब म्हणजे वजन असं धरलं, तर ते शून्य आहे. व्याख्येवरून विधानाचा खरेखोटेपणा बदलत असेल, तर प्रश्न मांडतानाच मोडला म्हणायचा. काटा काय दाखवतो यावर मात्र दोन मतं होत नाहीत. शक्य तिथे विधान मोजता येईल अशा गोष्टीवर टेकवावं.

आता दुवा. दोन्ही वाक्यं खरी असताना पहिला पर्याय द्यायचा की दुसरा? बहुतेक जण कारण आधी वाचतात, मध्ये ‘म्हणून’ घालतात आणि मग विधान वाचून कानाला पटतं का ते पाहतात. पण कान फसतो. ‘उंचीनुसार गुरुत्वत्वरण कमी होतं, म्हणून वर काटा शून्य दाखवतो’ हे कानाला छान लागतं. अधिक भरवशाची कसोटी अशी, की कारणातली गोष्ट कल्पनेने काढून टाकायची आणि विधान टिकतं का ते बघायचं. समजा, उंचीनुसार गुरुत्वत्वरण अजिबात कमी झालं नसतं. तरी फिरत्या स्थानकात काटा शून्यच दाखवला असता. अंतराळवीरांच्या सरावासाठी विमानं आकाशात कमान काढत खाली येतात, तेव्हा जेमतेम दहा किलोमीटर उंचीवर, गुरुत्वत्वरण जवळपास जमिनीइतकंच असताना, आतली माणसं काही सेकंद तरंगतात. कारण काढलं तरी विधान उभंच राहिलं, म्हणजे ते त्याचं स्पष्टीकरण नव्हतं. याउलट सारख्या त्वरणाने पडणं काढून टाका, म्हणजे त्याच उंचीच्या एखाद्या काल्पनिक मनोऱ्यावर अंतराळवीराला स्थिर उभं करा. काटा लगेच जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के वजन दाखवेल.

ही कसोटी लावली की आणखी एक दोष उघडा पडतो. मुक्तिवेगावर असे प्रश्न नेहमी दिसतात. विधान : वस्तूचा मुक्तिवेग तिच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो. कारण : मुक्तिवेगाच्या सूत्रात वस्तूचं वस्तुमान येत नाही. उत्तरसूचीत पहिला पर्याय. पण हे कारण म्हणजे तेच विधान सूत्राच्या भाषेत पुन्हा सांगितलं आहे. सूत्रात वस्तुमान का येत नाही, हे सांगितलं तर ते कारण झालं : वस्तूची गतिज ऊर्जा आणि गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा दोन्ही तिच्या वस्तुमानाच्या समप्रमाणात असतात. पहिल्या रूपात सूत्र पाठ केलेलं मूल सुटतं, दुसऱ्या रूपात सूत्र काढून पाहिलेलं.

एकेका शब्दाने काय होऊ शकतं, हे २०२४च्या ‘नीट’ने सगळ्या देशाला दाखवलं. भौतिकशास्त्राचा तो प्रश्न विधान-कारण या प्रकाराच्या सख्ख्या भावंडाचा, दोन विधानांचा होता. पहिलं विधान अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असण्याबद्दल होतं. दुसऱ्यात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला खास वर्णपट देतात, असं म्हटलं होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक’ होतं, नव्यात ‘बहुतेक’. किरणोत्सारी मूलद्रव्यं डोळ्यांसमोर आणली की ‘प्रत्येक’ टिकत नाही. जुनं पुस्तक वाचलेल्या मुलांचा विचार करून परीक्षा घेणाऱ्या ‘एनटीए’ने दोन उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि एकच उत्तर बरोबर ठरवलं : पहिलं विधान बरोबर, दुसरं चूक. जुलैमध्ये निकाल सुधारावा लागला आणि लाखो मुलांच्या गुणांत फरक पडला. ‘प्रत्येक’, ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ हे शब्द विधानात आले की प्रश्न काढणाऱ्याने पेन खाली ठेवून अपवाद शोधावा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचललं, एवढ्याने तो सुरक्षित होत नाही.

पण याहून फसवा प्रकार अर्धवट कारणाचा, आणि तो उत्तम शिक्षकांच्या हातूनही घडतो. विधान : ध्रुवांवरचं गुरुत्वत्वरण विषुववृत्तावरच्यापेक्षा जास्त असतं. कारण : पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे. दोन्ही खरी. ‘म्हणून’ही छान बसतो. कसोटी लावून पाहा : पृथ्वी अगदी गोल असती तर? तरीही ध्रुवावरचं गुरुत्वत्वरण जास्तच असतं, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३, म्हणजे फरक सुमारे ०.०५. त्यातला ०.०३४ इतका वाटा फिरण्याचा, उरलेला आकाराचा. म्हणजे चपटेपणा हे कारण आहे, पण पुरतं नाही, आणि मोठंही नाही. इथे पहिला पर्याय निवडणाराही वाद घालू शकतो आणि दुसरा निवडणाराही. स्पर्धा परीक्षेत उत्तरसूचीवर शुल्क भरून आक्षेप घेता येतो, आणि असे प्रश्न आक्षेपालाच आमंत्रण देतात.

हा प्रश्न टाकून द्यायची गरज नाही. ज्या परिणामाला दोन कारणं आहेत, त्यातलं एक विधानातच वेगळं काढून घ्यायचं. विधान असं करू : पृथ्वीचा आकार तसाच ठेवून तिचं स्वतःभोवती फिरणं थांबलं, तर विषुववृत्तावरचं गुरुत्वत्वरण वाढेल, ध्रुवांवरचं मात्र बदलणार नाही. कारण : ध्रुव परिवलनाच्या अक्षावरच असल्याने तिथल्या वस्तूला वर्तुळाकार फिरावं लागत नाही, विषुववृत्तावरच्या वस्तूला फिरावं लागतं. आता पहिला पर्याय निर्विवाद. आणि याच विधानाखाली ‘पृथ्वीची ध्रुवीय त्रिज्या विषुववृत्तीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने कमी आहे’ हे कारण ठेवलं, तर दुसरा पर्यायही तितकाच निर्विवाद, कारण आकार बदलत नाही हे विधानातच ठरलेलं आहे.

चौथ्या पर्यायाकडेही एक नजर टाकावी लागते. सध्याच्या चार पर्यायांत ‘दोन्ही चूक’ला जागा नाही, पण जुन्या प्रश्नसंचांत तो पर्याय असतो. तिथला प्रश्न उचलून नवे पर्याय चिकटवले, तर प्रश्नाला उत्तरच उरत नाही, आणि हे छापून झाल्यावर कळतं. दहा प्रश्नांचा संच काढताना पहिला पर्याय नकळत सहा-सात वेळा येतो, कारण सुचताना आपल्याला खरी वाक्यं आणि खरे दुवेच सुचतात. मुलांना तो कल पटकन कळतो, आणि मग विचार न करताही पहिला पर्याय फायद्याचा ठरतो.

प्रश्न बरा उतरला का, हे सरावपरीक्षेच्या उत्तरपत्रिका सांगतात. बेरीज न बघता वरच्या पाचसहा मुलांची त्या एका प्रश्नाची उत्तरं बघावी. वजनकाट्याच्या प्रश्नात वरची मुलं दुसऱ्या पर्यायावर आणि बाकीची पहिल्यावर, असं चित्र दिसलं, तर प्रश्न आपलं काम करतो आहे. पण वरचीच मुलं पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात निम्मीनिम्मी विभागली असतील, तर मुलांना बोल लावण्याआधी प्रश्न परत वाचावा. ध्रुवांच्या प्रश्नाचं पहिलं रूप दिलं, तर नेमकं हेच होतं, आणि दुसऱ्या पर्यायावर खूण करणाऱ्या मुलीला कारण विचारलं, तर ती पृथ्वीच्या फिरण्याकडेच बोट दाखवते.