किशोरवयीन व्हॉलीबॉल व बास्केटबॉल खेळाडूंची उभी उडी : प्लायोमेट्रिक व्यायामाचे सुरक्षित साप्ताहिक प्रमाण

प्रस्तावना :
व्हॉलीबॉलमधील स्मॅश व ब्लॉक तसेच बास्केटबॉलमधील रिबाउंड ही कौशल्ये उभ्या उडीवर अवलंबून असतात. ही उडी वाढविण्यासाठी प्लायोमेट्रिक व्यायाम योजले जातात. किशोरवयात हाडांची वाढ चालू असल्याने हे व्यायाम किती करावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यायामाचे तत्त्व :
उडीपूर्वी खेळाडू गुडघे वाकवून झटकन खाली जातो. तेव्हा मांडीचे व पोटरीचे स्नायू ताणले जातात. हा ताण निर्माण होताच उडी घेतल्यास त्यात साठलेली ऊर्जा वापरली जाते. खाली थांबल्यास ती वाया जाते. म्हणून येथे उड्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक उडीतील चपळता महत्त्वाची ठरते.

साप्ताहिक प्रमाण :
व्यायामाचे प्रमाण पायांचे जमिनीवर होणारे आघात मोजून ठरवितात. दोन्ही पायांवर एकदा उतरणे हा एक आघात होय. समजा, १५ वर्षांची एक व्हॉलीबॉल खेळाडू प्रथमच हा व्यायाम करीत आहे. तिने आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून, तो करावा. पहिल्या सत्रात जागेवरून उंच उडीचे ६ चे ३ संच, २० सें.मी. उंच ठोकळ्यावर चढण्याच्या उडीचे ६ चे ३ संच आणि दोरीवरून लहान उड्यांचे ८ चे ३ संच घ्यावेत. हे एकूण ६० आघात होतात, म्हणजे आठवड्याला १२०. ठोकळ्यावरून उतरताना उडी न मारता पाऊल टाकून उतरावे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात प्रतिसत्र ८० आणि पाचव्यात १०० आघात करावेत. सहाव्यात पुन्हा ६० वर यावे. संचांमध्ये किमान एक मिनिट विश्रांती असावी.

सामन्यांच्या आठवड्यात मैदानावरील उड्यांचा भारही त्याच गुडघ्यांवर पडतो. म्हणून त्या आठवड्यात एकच सत्र घ्यावे आणि सामन्याच्या आदल्या दिवशी ते टाळावे.

धोक्याची लक्षणे :
उतरताना गुडघे आत वळणे, पाऊल आपटल्याचा मोठा आवाज येणे किंवा उडीची उंची घटणे ही थकव्याची चिन्हे आहेत. ती दिसताच, संच अपूर्ण असला तरी, सत्र थांबवावे. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दाबल्यास दुखत असेल, तर उड्या बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘वाढीच्या कळा’ म्हणून या दुखण्याकडे दुर्लक्ष झाल्यास ते महिनोन्‌महिने टिकू शकते.

निष्कर्ष :
भिंतीवर उभ्याने हात पोहोचतो ती खूण आणि उडी मारून केलेली खूण यांतील अंतर पहिल्या व सहाव्या आठवड्याच्या शेवटी मोजावे. तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम अंतर ग्राह्य धरावे. ते वाढले नसल्यास आघात वाढविण्यापूर्वी विश्रांती व उतरण्याची पद्धत तपासावी.