वेलकम किटच्या तक्त्यात 'दिलं' आणि 'पोच' वेगळं ठेवा

बऱ्याच एचआर टीमच्या तक्त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची एकच ओळ असते आणि शेवटी 'किट दिलं: हो'. पण किट एकदम कधीच जात नाही. लॅपटॉप आयटी देतं, आयडी कार्ड अ‍ॅडमिन, टी-शर्टचा साइज संपलेला असतो. म्हणून माझं ठाम मत: एका वस्तूला एक ओळ. रकान्यांत नाव, वस्तू, सिरीयल नंबर, दिल्याची तारीख (D) आणि पोच मिळाल्याची तारीख (E). स्थिती हाताने लिहूच नका, ती तारखांवरून येऊ द्या:

```
=IF(D2="","बाकी",IF(E2="","पोच बाकी","पूर्ण"))
```

समजा, नागपुरातून घरूनच काम करणाऱ्या नव्या सहकाऱ्याला सोमवारी पुण्याहून लॅपटॉप, चार्जर आणि बॅग कुरियरने पाठवली. तिन्ही ओळी 'पोच बाकी' दाखवतील. फोटो न आल्याने आयडी कार्ड अडलं, ते 'बाकी'. बुधवारी कुरियरवाल्याने 'डिलिव्हर्ड' दाखवलं, तरी E रिकामाच ठेवा. खोका कदाचित वॉचमनने घेतला असेल. सहकाऱ्याने लॅपटॉपच्या तळाचा सिरीयल नंबर स्वतः वाचून मेलवर कळवला आणि तो तक्त्याशी जुळला, की मगच तारीख भरा. नंबर जुळला नाही तर बहुधा दोन नव्या लोकांचे खोके अदलाबदल झालेले असतात, आणि ते त्याच आठवड्यात सुधारणं सोपं असतं. नाहीतर हा गोंधळ थेट नोकरी सोडताना, फुल अँड फायनलच्या वेळी वर येतो.

डायरी, पेन, मग यांना मात्र सिरीयल नंबर नको. तिन्हींची मिळून एक ओळ पुरते.