शंभर डॉलर जमले, तरी पैसे का अडतात?

गैरसमज: यूट्यूब स्टुडिओत शंभर डॉलर दिसले की लगेच पैसे मिळतात.

वस्तुस्थिती: स्टुडिओतला आकडा अंदाजी असतो. महिन्याची पक्की कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान अ‍ॅडसेन्समध्ये जमा होते. समजा, जानेवारीची कमाई ६२ डॉलर आणि फेब्रुवारीची ४५. बासष्ट डॉलर बुडत नाहीत, पुढे ओढले जातात. मार्चमध्ये बेरीज १०७ झाली की मर्यादा ओलांडली जाते आणि पैसे २१ ते २६ मार्चदरम्यान निघतात. मात्र २० तारखेपर्यंत सगळ्या अटी पूर्ण हव्यात, नाहीतर गाडी एप्रिलवर गेली.

गैरसमज: पत्ता नंतर बघता येईल.

वस्तुस्थिती: दहा डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने पिनचं कार्ड निघतं. त्याला ट्रॅकिंग नसतं, यायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणून वाडी, वस्ती, जवळची खूण आणि पिनकोड सुरुवातीलाच नीट लिहावा आणि पोस्टमनला सांगून ठेवावं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिरातीच बंद होतात.

गैरसमज: मी भारतात राहतो, अमेरिकेच्या कराशी माझा काय संबंध?

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. वरच्या ४५ डॉलरांपैकी ६ डॉलर अमेरिकेतले धरू. W-8BEN फॉर्म भरून, पॅन देऊन भारत-अमेरिका कर कराराची सवलत मागितली, तर त्यावर १५ टक्के, म्हणजे ९० सेंट जातात. फॉर्म भरला पण सवलत मागायची राहिली, तर ३० टक्के: १ डॉलर ८० सेंट. आणि फॉर्मच भरला नाही, तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, म्हणजे ४५ डॉलरांवर १० डॉलर ८० सेंट. अमेरिकेत एकही प्रेक्षक नसला तरी फॉर्म भरायलाच हवा, तो यासाठी. नाव पॅनवर आहे तसंच लिहावं, चॅनलचं नाव नाही. फॉर्म एकदा भरून कायमचा संपत नाही. साधारण तीन वर्षांनी तो पुन्हा मागतात.

गैरसमज: खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की बँकेचं काम झालं.

वस्तुस्थिती: हे पैसे परदेशातून येतात, त्यामुळे स्विफ्ट कोडही लागतो. तालुक्याच्या अनेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. अशा वेळी इंटरनेटवर सापडेल तो कोड टाकू नये. शाखेत जाऊन, परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा कोड लेखी मागून घ्यावा. अ‍ॅडसेन्समधलं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळलं नाही, तर पैसे परत जाऊन शिल्लकीत जमा होतात. ते बुडत नाहीत, पण माहिती दुरुस्त करेपर्यंत पुढची रक्कमही अडून राहते.