कर्जरोख्यांवरील उपार्जित व्याज व करकपात
कर्जरोख्यांवरील (डिबेंचर) उपार्जित व्याज म्हणजे मागील देय तारखेनंतर साठत गेलेले, परंतु अद्याप हाती न आलेले व्याज होय. व्याज दररोज उपार्जित होते, मात्र ते ठरलेल्या देय तारखेलाच मिळते. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९३ नुसार व्याज देणारी कंपनी निवासी धारकाच्या व्याजातून सामान्यतः १० टक्के कर उगमस्थानी कापत असे (टीडीएस).

ही कपात व्याज खात्यात जमा करताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करावयाची असते. धारकाऐवजी ‘देय व्याज’ किंवा निलंबित खात्यात रक्कम जमा केली, तरी ती धारकालाच जमा केली असे कायदा मानतो. त्यामुळे पैसे न मिळताही कर कापला जाऊ शकतो.

उदाहरणार्थ, डहाणूतील एका चिकू बागायतदाराकडे ९ टक्के दराचे ५,००,००० रुपयांचे कर्जरोखे आहेत, असे समजू. व्याजाचे वर्ष १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू होते व देय तारीख ३० सप्टेंबर २०२५ आहे. ३१ मार्च २०२५ रोजी सहा महिन्यांचे व्याज २२,५०० रुपये होते. कंपनी ते खर्चात दाखवते. २,२५० रुपये देय कर म्हणून आणि २०,२५० रुपये धारकाचे देय व्याज म्हणून जमा करते. मार्चमधील हा कर ३० एप्रिलपर्यंत सरकारकडे भरावा लागतो. सप्टेंबरअखेर उरलेल्या २२,५०० रुपयांवर आणखी २,२५० रुपये कापले जातात आणि बागायतदाराच्या बँक खात्यात ४०,५०० रुपये येतात.

घोटाळा होतो तो वर्षांच्या मेळात. बागायतदार रोख पद्धतीने हिशेब ठेवत असल्यास त्याचे संपूर्ण ४५,००० रुपयांचे उत्पन्न २०२५-२६ चे ठरते, पण फॉर्म २६एएसमध्ये पहिले २,२५० रुपये २०२४-२५ मध्येच दिसतात. बँकेत व्याज नाही आणि कर मात्र कापलेला, ही त्याची खूण. त्या वेळच्या नियम ३७बीए प्रमाणे कराचे श्रेय उत्पन्न ज्या वर्षी करपात्र असेल त्या वर्षी मिळते. म्हणून आधीच्या विवरणपत्रात ती रक्कम पुढे ओढावी लागते.

सूचिबद्ध कर्जरोखे मात्र हातोहात विकले जातात. व्याज कोणाला मिळणार हे नोंदणी दिनांकाला (रेकॉर्ड डेट) ठरते, ३१ मार्चला नव्हे. धारक ओळखता येत नसताना केलेल्या तरतुदीवर करकपात लागू होत नाही, असा निर्णय मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने आयडीबीआयच्या प्रकरणात दिला. अशा वेळी नोंदणी दिनांकाच्या धारकाच्या नावे सगळा कर एकदम कापला जातो. त्याने रोखे मध्येच विकत घेतले असले, तरी पूर्ण ४,५०० रुपयांचे श्रेय त्याच्याच नावे लागते. विक्रेत्याने आपल्या काळाचे व्याज किमतीतच वसूल केलेले असते.

डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथील आदिवासी धारकांना हे व्याज करमुक्त आहे, असा समज होऊ शकतो. १९६१ च्या कायद्यातील कलम १०(२६) मधील सवलतीत रोख्यांवरील व्याजाचा उल्लेख होता खरा, परंतु ती सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे, ईशान्येकडील काही राज्ये आणि लडाख येथील अनुसूचित जमातींपुरती होती. पालघर जिल्ह्यातील क्षेत्र पाचव्या अनुसूचीखाली येते. तेथील धारकाचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर मार्च २०२६ पर्यंत कंपनीला वेळीच फॉर्म १५जी, ज्येष्ठ नागरिकांनी १५एच, देऊन कपात टाळता येत असे.