‘कामावर जाताना’ हे दोन शब्द लिहायला विसरू नका

बायकोला अपघात झाला की नवऱ्याकडून कंपनीला पहिला मेसेज बहुतेकदा असा जातो: ‘मिसेसचा ॲक्सिडेंट झालाय, ॲडमिट केलंय, आज येणार नाही.’ रजेसाठी एवढं पुरतं. पण ती कुठे निघाली होती, किती वाजता, धडक कुठे बसली, हे त्यात नसतं आणि पुढे पैशाचं घोडं तिथेच अडतं.

समजा, बायको चाकणच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पगार १९ हजार, म्हणजे २१ हजारांच्या मर्यादेत, त्यामुळे ईएसआयसी लागू. पहिल्या पाळीला निघाली असताना टेम्पोने स्कूटीला उडवलं, पाय मोडला. हाच अपघात बाजाराला जाताना झाला असता तर ती रजा आजारपणाची धरली जाते: मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावर जाता-येताना झालेला अपघात मात्र, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळला तर, कामावरचाच मानतात. ही तरतूद २०१० मध्ये कायद्यात आली. मग ९० टक्के मिळतात, तेही काम करता येत नाही तोवर. रोजची मजुरी साधारण ६३३ रुपये धरा. एकीकडे ४४३, दुसरीकडे ५७०. तीन महिन्यांत अकरा हजारांहून जास्त फरक पडतो.

म्हणून मेसेज असा हवा:

‘नमस्कार मॅडम, मी आपल्याकडे पॅकिंगला असलेल्या अमुक यांचा नवरा. त्यांचा एम्प्लॉयी नंबर अमुक. आज सकाळी सव्वासहाला पहिल्या पाळीसाठी कामावर येताना अमुक चौकात टेम्पोची धडक बसली. पाय फ्रॅक्चर आहे, अमुक हॉस्पिटलमध्ये दाखल आहेत. कृपया अपघाताची नोंद करून ईएसआयसीला रिपोर्ट पाठवावा. बाकी कागद नंतर देतो.’

हा मेसेज एचआर आणि सुपरवायझर दोघांनाही पाठवावा, ग्रुपवर नाही. एक्स-रे, फोटो जोडू नयेत. तिच्या शरीराची माहिती किती द्यायची हे शुद्धीवर आल्यावर तीच ठरवेल. ‘आठ दिवसांत येईल’ असं आपल्या मनाने लिहू नये. कंपनीने पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तरी देऊ नये. आणि तिच्या वतीने राजीनाम्याला किंवा बिनपगारी रजेला ‘ओके’ म्हणू नये. घाबरलेल्या माणसाकडून ते ‘ओके’ फार सहज निघून जातं, हे मला फार खुपतं.

ईएसआयसी नसलेल्या कामगारांच्या घरच्यांनीही वाट लिहून ठेवावी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचा, कामावर जाताना रस्त्यात झालेला मृत्यू भरपाईस पात्र ठरवला.

दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र लक्ष ठेवा. गडबडीत कुणीतरी ‘गाडीवरून पडली’ एवढंच सांगतं, वेळ चुकते, आणि महिन्याभराने मेसेज एक सांगतो, कागद दुसरंच. भरती करतानाच तीच वेळ, तीच जागा आणि ‘कामावर जाताना’ असं डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावं.