२४ विहिरी आणि एक पान

जर्मनीत पीएचडीच्या बऱ्याचशा जागा नोकरीसारख्या जाहीर होतात. पगाराची श्रेणी, कराराची मुदत, अर्जाची शेवटची तारीख, सगळं जाहिरातीत दिलेलं असतं. अशा प्रकल्पाला डीएफजीसारख्या संस्थेकडून अनेकदा आधीच निधी मिळालेला असतो, म्हणजे संशोधनाचा प्रश्न ठरलेला असतो. आता तो तडीला नेणारा माणूस हवा असतो. अर्जासोबत एक पानभर प्रेरणापत्र मागतात ते यासाठी. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती’ अशी सुरुवात तिथे वाया जाते, कारण वाचणाऱ्या प्राध्यापकाच्या मनातला प्रश्न वेगळा असतो: हे काम या उमेदवाराच्या हातून होईल का?

समजा, जाहिरात आहे भेगाळ खडकातल्या भूजलाची. पावसाचं पाणी जमिनीत किती आणि कुठून मुरतं हे समस्थानिकांच्या मदतीने शोधायचं आहे. क्षेत्रीय मोजणीचा अनुभव आणि पायथनमध्ये आकडेमोड या अटी. अर्ज करणारी आहे पुणे जिल्ह्यातली भूशास्त्राची विद्यार्थिनी. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिने बेसाल्टच्या पट्ट्यातल्या २४ विहिरींची पाणीपातळी दहा महिने मोजली आहे.

तिच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं: ‘मी अत्यंत मेहनती असून भूजल क्षेत्रात माझं सखोल ज्ञान आहे.’ मेहनत आणि सखोलपणा या दोन्ही गोष्टी ठरवायच्या वाचणाऱ्याने. त्या उमेदवाराने स्वतःच जाहीर केल्या की बढाई होते. त्याऐवजी घडलं ते सांगता येतं. पहिल्या दोन महिन्यांच्या काही नोंदी विचित्र येत होत्या. पंप चालू असताना विहिरीतलं पाणी खाली ओढलं जातं आणि पातळी खोटी दिसते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तशा १७ नोंदी तिने वगळल्या आणि पुढे पंप सुरू होण्याआधी, पहाटे टेप सोडायला सुरुवात केली. पत्रात हे दोन वाक्यांत मावतं. एकही विशेषण न लावता तिची चिकाटी कळते आणि स्वतःच्या आकड्यांवर शंका घ्यायची सवयही दिसते.

दुसरा खड्डा नेमका उलट्या बाजूला आहे, आणि मराठी घरातून आलेली मुलं त्यात हमखास पडतात. ‘मी केलं’ म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून पत्रभर ‘आम्ही’ येतं. ‘आम्ही विहिरींचा अभ्यास केला.’ यात मार्गदर्शकांनी काय केलं, सहकाऱ्याने काय केलं आणि हिने काय, हे कळायला मार्ग नाही. ‘विहिरी मार्गदर्शकांनी निवडल्या, मोजणी आम्ही दोघींनी केली, नोंदी तपासण्याचा प्रोग्राम मी लिहिला’ हे वाक्य नम्र आहे आणि उपयोगीही. ज्याचं श्रेय त्याला दिल्यावर उरलेलं ‘मी’ बोचत नाही.

सगळ्यात जास्त जागा द्यावी ती जुळणीला. प्राध्यापकांची स्तुती किंवा विद्यापीठाच्या क्रमवारीचा उल्लेख म्हणजे जुळणी नव्हे. आपलं काम जिथे अडलं तिथून त्यांचं काम सुरू होतं, हे दाखवणं म्हणजे जुळणी. या मुलीकडे ते आहे. ऐन एप्रिलमध्ये चार विहिरींची पातळी उतरायच्या ऐवजी वर आली. जवळून कालवा जातो, आणि तेव्हा उन्हाळी आवर्तन सुटलेलं होतं. ते पाणी झिरपलं असावं, अशी तिला शंका आली. तिने पाण्याची विद्युतवाहकता मोजली, पण तेवढ्यावरून काही ठरेना. धरणात साठून उन्हाने आटलेल्या पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जड समस्थानिकं तुलनेने जास्त राहतात. त्यामुळे ते पाणी थेट मुरलेल्या पावसापासून वेगळं ओळखता येतं, आणि या प्रयोगशाळेत नेमकी हीच पद्धत वापरतात. ‘माझ्या चार विहिरींचं कोडं मला विद्युतवाहकतेने सुटलं नाही, तुमच्या पद्धतीने ते सुटू शकतं, म्हणून मला ती शिकायची आहे’ एवढं लिहिलं तरी प्राध्यापक पुढचा परिच्छेद वाचतात.

त्याच ओघात उणीवही यावी. समस्थानिकांचं मोजमाप तिने कधी केलेलं नाही. हे लपवलं तर मुलाखतीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. ‘हे मोजमाप मी केलेलं नाही; नमुने हवाबंद भरणं आणि नोंदवहीची शिस्त मला येते’ हे पुरेसं आहे. जाहिरातीत एखादी गोष्ट ‘असल्यास उत्तम’ म्हणून दिली असेल, तर ती नसल्याने अर्ज बाद होत नाही. ‘आवश्यक’ असेल तर मात्र पत्र कितीही चांगलं असो, ते कमी पडतं.

पाठवण्याआधी तिने प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून पाहावं: वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या पत्रात हे जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं तर ते काढावं. असं करता करता पहिल्या मसुद्याचं अर्धं पान सहज गळतं. शेवटच्या दोन ओळींत एमएस्सीचा निकाल कधी लागणार आणि व्हिसाला लागणारा वेळ धरून ती कोणत्या महिन्यात रुजू होऊ शकेल, हे खरं खरं लिहावं आणि खाली नाव.