मांडणी बदलली, मजकूर तोच: प्रबंधासोबत जाणारे पत्र

प्रबंधाचा दुरुस्त मसुदा विद्यार्थी मार्गदर्शकांकडे पाठवतो, तेव्हा सोबत एक पानभर पत्र जोडतो. दुरुस्त्या मांडणीच्या असतील, तर काय बदलले याइतकेच काय बदललेले नाही हेही त्या पत्रात स्पष्ट लिहावे लागते. नुसता समास वाढवला तरी दोनशे पानांतली ओळन् ओळ जागची हलते आणि आधी वाचून मान्य केलेली प्रकरणेही नवी वाटू लागतात. ती पुन्हा वाचायची की नाही, हे मार्गदर्शकांना पत्रावरून कळले पाहिजे.

समजा, ग्रामीण पाणीपुरवठ्यावरचा एक मराठी प्रबंध ए-फोर कागदावर चारही बाजूंना एक इंच समास सोडून टाइप केला आहे आणि त्याची 200 पाने झाली आहेत. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच हवा, असा विद्यापीठाचा नियम आहे. कागदाची रुंदी 210 मिलिमीटर, त्यामुळे आधी सुमारे 159 मिलिमीटर असलेली ओळ आता 146 वर येते. ही घट आठ टक्क्यांची, पण तेवढ्याने पाने 217च्या आसपास जातात. मार्गदर्शकांनी जुन्या प्रतीच्या 112व्या पानावर पेन्सिलीने केलेला शेरा नव्या प्रतीत 122व्या पानाजवळ शोधावा लागतो. म्हणून पत्रात नुसता पान क्रमांक देऊन भागत नाही. प्रकरण आणि उपविभागाचा क्रमांक मांडणी बदलली तरी तोच राहतो, म्हणून खूण त्याचीच द्यावी:

> आदरणीय मॅडम, तिसऱ्या मसुद्यावरील मांडणीच्या दुरुस्त्या करून चौथा मसुदा पाठवत आहे. डावा समास दीड इंच केल्याने पाने 200 ऐवजी 217 झाली आहेत. विभाग 3.4 मधील तक्त्यावर आपण केलेला शेरा जुन्या प्रतीत पान 112 वर होता, तो तक्ता आता पान 122 वर आहे. प्रकरण 1 ते 4 मधील मजकुरात बदल नाही.

यातले शेवटचे वाक्य विद्यार्थ्याने तपासून पाहिल्याशिवाय लिहू नये. वर्डमध्ये `Review` खाली `Compare` असते. तिथे जुनी आणि नवी फाइल निवडून `Formatting` समोरची खूण काढली, की फक्त अक्षरांतले फरक दिसतात. समास, ओळींमधले अंतर, अक्षराचा आकार एवढेच बदलले असेल तर मजकुरात फरक दिसता कामा नये. मात्र हाताने टाइप केलेले शीर्षक क्रमांक काढून तिथे आपोआप येणारे क्रमांक घातले असतील, तर ते फरक म्हणून दिसतात. हे पत्रात आधीच सांगावे, नाहीतर तपासणाऱ्याचा गोंधळ उडतो.

खरी अडचण फाँटची असते. अनेक मराठी मसुदे अजून युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेले असतात आणि ते युनिकोडमध्ये आणणे हे पुष्कळांना मांडणीचेच काम वाटते. तसे मानणे चूक आहे, कारण या रूपांतरात अक्षरेच बदलली जातात. जुन्या पद्धतीत रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी साठवला जातो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने ही अदलाबदल नीट केली नाही, तर ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते. अशा चुका सापडवायला ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा असा शोध द्यावा. मराठी शब्द सहसा ‘र्’ने संपत नाही, त्यामुळे जे सापडेल ते बहुधा बिघडलेलेच असते. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झालेले शोधणे अधिक कष्टाचे, कारण ‘र्या’ हे ‘कार्यालय’, ‘पर्याय’ अशा बिनचूक शब्दांतही येते आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी लागते.

म्हणून फाँट बदलला असेल, तर प्रकरण 1 ते 4 बद्दलचे ते वाक्य पत्रातून काढावे लागते. त्याऐवजी कोणती प्रकरणे रूपांतरित केली, कोणते शोध देऊन दुरुस्त केली आणि कोणते उतारे मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले, हे लिहावे. उताऱ्यांची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण जुन्या लेखनातले वेगळे रूप आणि रूपांतरातली चूक सहज एकमेकांत मिसळतात.

वर्डच्या फाइलसोबत पीडीएफही पाठवावी आणि पत्रातले पान क्रमांक पीडीएफचेच आहेत, असे नमूद करावे. मार्गदर्शकांच्या संगणकावर तो फाँट नसेल, तर वर्डची फाइल तिथे दुसराच फाँट घेऊन उघडते आणि पाने पुन्हा सरकतात. पीडीएफ काढण्यापूर्वी `Ctrl+A` आणि मग `F9` दाबून अनुक्रमणिका ताजी करून घ्यावी.

जे विद्यार्थ्याने स्वतः ठरवू नये, ते पत्राच्या शेवटी प्रश्न म्हणून येते. अकरा रकान्यांचा तक्ता अरुंद झालेल्या पानावर मावत नाही. तो आडव्या पानावर घेतला तर त्याचा माथा बांधणीकडे ठेवून तिथे दीड इंच सोडता येतो, पण वाचताना प्रबंध फिरवावा लागतो. दोन तक्त्यांत तोडला तर तुलना तुटते, परिशिष्टात नेला तर प्रकरणातला युक्तिवाद आधाराविना राहतो. विद्यार्थ्याने तक्ता आडवा ठेवून पाठवावा, कारण एका वाक्यात द्यावे आणि मान्य आहे का, असे विचारावे.